एआय पकडणारी साधने शिळी का होतात, आणि शाळांनी त्यांच्यावर किती विसंबावे

ओपनएआय कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुले केले. दोन महिन्यांनी, ३१ जानेवारी २०२३ला, त्याच कंपनीने आणखी एक साधन आणले. दिलेला मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हे ते सांगणार होते. शिक्षक तशा साधनाची वाटच बघत होते, आणि यंत्र ज्यांनी घडवले त्यांच्याइतके ते दुसरे कोण ओळखणार, असे कुणालाही वाटले असते. पण त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने ते साधन गुंडाळले. कारण एका ओळीत दिले होते: अचूकता कमी.

ती किती कमी आहे, हे कंपनीने पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांच्या चाचणीत यंत्राने लिहिलेल्या इंग्रजी मजकुरांपैकी २६ टक्के मजकूर या साधनाने बरोबर ओळखले, आणि माणसाने लिहिलेल्यांपैकी ९ टक्के मजकुरांवर यंत्राचा शिक्का मारला. हे आकडे एका शाळेत नेऊन बघू. समजा नववीच्या २०० मुलांनी निबंध दिले आणि त्यांतले ४० यंत्राकडून लिहून घेतलेले आहेत. ४० चे २६ टक्के म्हणजे साधारण १० मुले सापडतील. उरलेल्या १६० निबंधांचे ९ टक्के म्हणजे साधारण १४ प्रामाणिक मुलांवरही शिक्का बसेल. शिक्षकांच्या हाती २४ नावांची यादी येईल आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त मुले निर्दोष असतील. खरे ३० जण तर यादीत येणारच नाहीत.

त्यानंतर आलेली साधने यापेक्षा बरीच चांगली आहेत, हे मान्य करायलाच हवे. पण ती चांगली झाली तेवढ्यात समोरचे मॉडेलही बदलले. ही शर्यत कशामुळे थांबत नाही, ते समजायचे तर असे पकडणारे साधन, म्हणजे डिटेक्टर, नक्की काय मोजतो, तिथून सुरुवात करावी लागते.

डिटेक्टर मोजतो काय?

भाषा-मॉडेल एका वेळी एक तुकडा लिहिते. आधीचा मजकूर बघून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधते आणि त्या अंदाजातून एक शब्द उचलते. ‘गणपतीला नैवेद्य म्हणून आईने उकडीचे’ इथपर्यंत वाचले की पुढे ‘मोदक’ येणार, हे तुम्हीही सांगाल आणि मॉडेलही सांगेल. ‘आई खिडकीशी उभी राहून’ याच्यापुढे मात्र शंभर गोष्टी येऊ शकतात. मॉडेल बहुतेक वेळा त्या शंभरांतल्या पहिल्या काही शक्यतांमधूनच निवडते. माणूस मधूनच असा शब्द टाकतो जो यादीत पाचशेव्या जागी असतो, कारण त्याच्या डोक्यात यादी नसते, खिडकी असते.

पहिल्या डिटेक्टरांनी नेमका हाच फरक पकडला. २०१९ मध्ये एमआयटी-आयबीएम वॉटसन प्रयोगशाळा आणि हार्वर्डच्या संशोधकांनी जीएलटीआर नावाचे साधन केले. ते प्रत्येक शब्दाला रंग द्यायचे. मॉडेलच्या अंदाजातल्या पहिल्या दहांत बसणारा शब्द हिरवा, पहिल्या शंभरांतला पिवळा, हजारांतला लाल आणि त्यापलीकडचा जांभळा. यंत्राचा परिच्छेद जवळजवळ सगळा हिरवा दिसायचा, माणसाच्या परिच्छेदात लाल-जांभळे ठिपके असायचे. जानेवारी २०२३ मध्ये प्रिन्स्टनमधल्या एका विद्यार्थ्याने जीपीटीझीरो काढले, त्याचीही सुरुवात अशाच मोजमापापासून झाली. मजकूर एकूण किती अनपेक्षित आहे आणि तो अनपेक्षितपणा वाक्यागणिक किती वरखाली होतो, या दोन गोष्टी ते बघायचे.

दुसरी पद्धत थेट शिकवण्याची. यंत्राचे हजारो मजकूर आणि माणसांचे हजारो मजकूर एका वेगळ्या मॉडेलला दाखवायचे आणि फरक त्याचा त्यालाच शोधू द्यायचा. त्याने नक्की कशावरून ओळखले, हे मग धड सांगताही येत नाही. आजची बहुतेक विकत मिळणारी साधने या प्रकारची किंवा दोन्हींची सरमिसळ करणारी असतात.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे आणि पुढचा सगळा घोळ तिच्यातून येतो. मजकूर कुणी लिहिला हे यातले कुठलेच साधन बघत नाही. ते बघते एक लक्षण, जे आज यंत्राच्या लिखाणात जास्त आणि माणसाच्या लिखाणात कमी आढळते. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर असतो, तो दुधातले पाणी मोजत नाही, दुधाची घनता मोजतो. पाणी घातले की घनता उतरते म्हणून डिग्री कमी दिसते. हे कळलेला भेसळवाला पाण्याबरोबर साखर किंवा युरियाही घालतो, घनता परत जागेवर येते आणि डिग्री चोख दिसते. मग साखरेची वेगळी चाचणी आणावी लागते, युरियाची वेगळी. आणि एखाद्या गायीचे दूध मुळातच पातळ असले, तर प्रामाणिक शेतकऱ्याला मात्र केंद्रावर चार शब्द ऐकून घ्यावे लागतात.

लक्षण पुसट का होते

यंत्राच्या लिखाणातले लक्षण तीन बाजूंनी पुसले जाते, आणि त्यातली एकच बाजू लबाडीची आहे.

पहिली बाजू म्हणजे मॉडेल सुधारणे. भाषा-मॉडेल माणसाच्या लिखाणावरच शिकते. त्यामुळे ते चांगले होणे म्हणजेच बऱ्याच अंशी त्याचे लिखाण माणसासारखे होणे. २०१९ मध्ये जीपीटी-२ हे मॉडेल आले तेव्हा ओपनएआयने त्याचा डिटेक्टरही प्रसिद्ध केला होता. त्या मोठ्या मॉडेलचा मजकूर तो साधारण ९५ टक्के वेळा ओळखायचा. पण त्याच कामात दोन गोष्टी दिसल्या होत्या. मॉडेल जितके मोठे, तितका त्याचा मजकूर ओळखायला कठीण. आणि मॉडेलने शब्द उचलण्याची रीत बदलली, तर आधीच्या रीतीवर शिकलेला डिटेक्टर गोंधळतो. म्हणजे मॉडेल तेच, फक्त ‘पहिल्या ४० शब्दांतूनच निवड’ ऐवजी दुसरा नियम लावला, तरी डिटेक्टरची धार गेली. चॅटजीपीटीच्या आधी तीन वर्षे हे माहीत होते.

यात डिटेक्टरला मारून टाकावे असा कुणाचा हेतू नव्हता. मॉडेल बनवणाऱ्याला लिखाण कमी साचेबद्ध हवे असते, कारण वाचणाऱ्याला साचा कंटाळवाणा वाटतो. चॅटजीपीटीच्या आवडत्या ‘डेल्व्ह’, म्हणजे खोलात शिरणे, या इंग्रजी शब्दाचे तसेच झाले. २०२३-२४ मध्ये वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत तो एकदम वाढला. लोकांच्या डोळ्यांत आला, थट्टा झाली, आणि मग तो खाली आला. त्या शब्दावर भिस्त ठेवणारा शिक्षक वर्षभरात निःशस्त्र झाला.

दुसरी बाजू मुद्दाम चकवण्याची. जानेवारी २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी डिटेक्टजीपीटी नावाची हुशार पद्धत मांडली. मजकुरात इकडे तिकडे थोडे शब्द बदलून बघायचे. यंत्राने लिहिलेला मजकूर मॉडेलच्या दृष्टीने आधीच सर्वांत ‘शक्य’ जागी बसलेला असतो, त्यामुळे काहीही बदलले की त्याची शक्यता घटते. माणसाच्या मजकुरात बदल केला तर ती कधी घटते, कधी वाढते. कल्पना देखणी आहे. पण त्याच वर्षी दुसऱ्या गटाने डिपर नावाचे मॉडेल केले, ज्याचे काम एवढेच की दिलेला परिच्छेद दुसऱ्या शब्दांत मांडायचा, वाक्ये मागेपुढे करायची. प्रामाणिक लेखकांपैकी फक्त एक टक्का अडकेल अशा बेताने दोन्हींची कुस्ती लावली, तेव्हा डिटेक्टजीपीटीची पकड ७०.३ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आली. हे प्रयोगशाळेतले झाले. बाजारात अशा साधनांना ‘ह्युमनायझर’ म्हणतात आणि ती दर महिन्याच्या वर्गणीवर विकली जातात. मग निबंधांतली उचलेगिरी तपासणाऱ्या टर्निटिनसारख्या कंपनीने २०२४ मध्ये असा फिरवलेला मजकूर ओळखण्याची सोय जोडली आणि २०२५ मध्ये ह्युमनायझरसाठी वेगळी. आता ह्युमनायझर त्या सोयीसमोर आपला मजकूर तपासून घेणार, हे सांगायला नको.

तिसऱ्या बाजूबद्दल फार कमी बोलले जाते. माणसेही बदलतात. विद्यार्थी दिवसभर यंत्राचे लिखाण वाचतो, त्याच्या ईमेलमधली वाक्ये कुठलेतरी साधन दुरुस्त करते, क्लासच्या नोट्सही यंत्राने काढलेल्या असतात. त्याने प्रामाणिकपणे स्वतः लिहिलेल्या निबंधातही तेच वळण उतरते. म्हणजे दोन ढीग एकमेकांकडे दोन्ही बाजूंनी सरकत आहेत.

ढीग सरकत जातात तेव्हा गणित काय म्हणते? २०२३ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या एका गटाने दाखवले, की यंत्राच्या आणि माणसाच्या लिखाणातला फरक शून्याकडे गेला, तर जगातला उत्तमातला उत्तम डिटेक्टरही नाणेफेकीच्या जवळ येतो. त्यावर लगेच प्रतिवाद झाला: फरक अगदी शून्य होत नाही तोवर पुरेसा मजकूर मिळाला तर ओळखता येते. दोन्ही म्हणणी खरी आहेत आणि शाळेसाठी कळीचा शब्द आहे ‘पुरेसा’. संख्याशास्त्रातला ढोबळ नियम असा, की फरक निम्मा झाला तर तितक्याच खात्रीसाठी चौपट नमुना लागतो. समजा आज ३०० शब्द पुरतात. फरक निम्मा झाल्यावर १२०० लागतील, आणखी निम्मा झाल्यावर ४८००. एखाद्या बातमी-संकेतस्थळाचे वर्षभराचे लेख तपासायचे असतील तर एवढा मजकूर मिळतो. नववीतल्या मुलाचा निबंध ३०० शब्दांचाच राहणार.

मग यंत्राच्या लिखाणात आधीच गुप्त खूण का घालू नये? तेही चालू आहे. मॉडेल शब्द निवडताना एका गुप्त नियमाने काही शब्दांना किंचित झुकते माप देते. वाचणाऱ्याला काही जाणवत नाही, पण किल्ली असलेल्याला मोजणी करून खूण दिसते. गुगल डीपमाइंडने अशी सिंथआयडी नावाची पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली आणि आपल्या मॉडेलमध्ये वापरली. अडचण एवढीच, की खूण प्रत्येक कंपनीने घालायला हवी, आणि जी मॉडेले कुणीही उतरवून आपल्या संगणकावर चालवू शकतो, त्यांवर कुणाचीच सक्ती चालत नाही. शिवाय मजकूर दुसऱ्या मॉडेलकडून पुन्हा लिहून घेतला की खूण बरीचशी विरते.

पातळ दुधाची गाय

या शर्यतीत कोण भरडले जाते, हे २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केलेल्या एका छोट्या प्रयोगात स्पष्ट दिसले. त्यांनी टोफेल या इंग्रजी परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध घेतले. ते सगळे माणसांनी लिहिलेले होते आणि लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. शेजारी अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध ठेवले. सात डिटेक्टरांना दोन्ही गठ्ठे दिले. अमेरिकन मुलांचे निबंध बहुतेक सगळे ‘माणसाचे’ ठरले. टोफेलच्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के ‘यंत्राचे’ ठरले. ९१ पैकी १८ निबंधांवर सातही डिटेक्टरांचे एकमत झाले, आणि निदान एका तरी डिटेक्टरने दोषी ठरवलेले निबंध होते ८९.

कारण वर आलेलेच आहे. परकी भाषा लिहिणारा माणूस खात्रीचे शब्द वापरतो. शाळेत घोटून घेतलेली वाक्यरचना, ओळखीची जोडणी, चूक होणार नाही अशी वाट. म्हणजे नेमके ते शब्द, जे मॉडेलच्या अंदाजात पहिल्या दहांत असतात. मराठी माध्यमातून दहावी करून पुढे ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाचे इंग्रजी असेच असते. व्याकरण चोख, शब्द मोजके.

प्रयोगाचा दुसरा भाग जास्त बोचरा आहे. संशोधकांनी तेच ९१ निबंध चॅटजीपीटीला देऊन सांगितले, की शब्द जरा समृद्ध कर. यंत्राचा हात फिरल्यावर त्या निबंधांवरचे आरोप ६१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांच्या आसपास आले. यंत्र वापरले म्हणून निबंध माणसाचा ठरला.

हे सात डिटेक्टर आता जुने झाले, टर्निटिन त्यांत नव्हते, आणि निबंधही लहान होते. काही कंपन्यांनी नंतर आपापल्या चाचण्या करून असा भेदभाव आमच्याकडे नाही असे म्हटले आहे. मी त्यांना खोटे ठरवत नाही. पण प्रयोगातून दिसलेली यंत्रणा जुनी होत नाही. डिटेक्टरला चकवायला जे लागते, म्हणजे अनपेक्षित शब्द, वरखाली वाक्ये, वर्गणीचा ह्युमनायझर, ते सगळे फसवणाऱ्याकडे असते, कारण तो त्यासाठीच निघालेला असतो. प्रामाणिक मुलाला चकवायचेच नसते, त्यामुळे तो काहीच करत नाही. शर्यत जितकी पुढे जाईल तितके हुशार फसवे जाळ्यातून निसटतील, आणि जाळ्यात उरतील आळशी फसवे आणि साधे लिहिणारे प्रामाणिक. काही मुले तर आता आपणच लिहिलेला निबंध देण्याआधी डिटेक्टरमध्ये घालून बघतात आणि टक्के उतरेपर्यंत चांगली वाक्ये मोडतात. निबंध शिकवण्याचे हे फळ असेल तर काय बोलावे.

टक्क्यांचा अर्थ

शाळांत सर्वांत जास्त घोळ टक्क्यांवरून होतो. टर्निटिनने एप्रिल २०२३ मध्ये आपला एआय डिटेक्टर सुरू केला. त्यात ४० टक्के दिसले तर त्याचा अर्थ ‘निबंधातली सुमारे ४० टक्के वाक्ये यंत्राची असावीत असा साधनाचा अंदाज’ असा आहे. ‘या मुलाने फसवले असण्याची शक्यता ४० टक्के’ असा नाही. काही दुसऱ्या साधनांत मात्र टक्के म्हणजे खरोखरच शक्यता असते. दोन साधनांचे आकडे शेजारी ठेवून सरासरी काढणारे शिक्षक आहेत. त्या सरासरीला काहीही अर्थ नाही.

टर्निटिनने सुरुवातीलाच सांगितले होते, की प्रामाणिक लिखाणावर चुकीचा शिक्का बसण्याचे प्रमाण एक टक्क्याच्या आत ठेवण्यासाठी ते यंत्राचा साधारण १५ टक्के मजकूर हातचा जाऊ देतात. ही प्रामाणिक देवघेव आहे आणि प्रत्येक डिटेक्टरला ती करावीच लागते. चाळणी बारीक केली की निर्दोष अडकतात, मोठी केली की दोषी सुटतात. प्रत्यक्ष वापरात कमी टक्क्यांवर चुका जास्त होतात हे दिसल्यावर कंपनीने २०२४ मध्ये २० टक्क्यांखालचा आकडा दाखवणेच बंद केले, तिथे आता फक्त चांदणी येते. म्हणजे २०२३ मध्ये ‘१५ टक्के एआय’ असा अहवाल हातात घेऊन ज्या मुलाला बोलावले असेल, त्याच्या अहवालावर पुढच्या वर्षी आकडाच आला नसता.

एक टक्का ऐकायला लहान वाटतो. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशेब केला, की २०२२ मध्ये आपल्याकडे टर्निटिनमध्ये ७५,००० निबंध तपासले गेले, एक टक्का म्हणजे ७५० निबंधांवर खोटा आळ. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ते साधन बंद ठेवले. आपल्याकडेही हे प्रकरण कोर्टापर्यंत गेले आहे. २०२४ मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने कायद्याच्या एका विद्यार्थ्याची उत्तरे बहुतांशी एआयची ठरवून त्याला नापास केले. तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला, विद्यापीठाने नंतर त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. डिटेक्टरचा आकडा हा पुरावा मानायचा का, याचा निवाडा त्यामुळे झालाच नाही.

शाळेला स्वतः करता येईल अशी चाचणी

साधन विकणारा टक्केवारी सांगतो ती त्याच्या नमुन्यांवरची. तुमच्या शाळेतल्या मुलांच्या लिखाणावर ते कसे वागते हे तुम्हाला स्वतःला बघता येते, आणि त्याला संगणकतज्ज्ञ लागत नाही.

नोव्हेंबर २०२२ च्या आधी तुमच्याच विद्यार्थ्यांनी लिहिलेले शंभर निबंध काढा. चॅटजीपीटी तेव्हा नव्हतेच, त्यामुळे हे सगळे माणसाचे असे धरून चालता येते. ते शक्यतो वहीतले किंवा उत्तरपत्रिकेतले असावेत आणि टाइप करून घ्यावेत. कुठे छापून किंवा इंटरनेटवर आलेले घेऊ नयेत, कारण मॉडेलने शिकताना वाचलेला मजकूर त्याला ‘अपेक्षित’ वाटतो आणि डिटेक्टर त्यावर उगाच शिक्का मारतो. अमेरिकेची राज्यघटनासुद्धा काही डिटेक्टरांनी यंत्राची ठरवली होती, ती याचमुळे. मुलांची नावे काढून टाका. टाइप करताना चुका सुधारू नका, मूळ आहे तसे ठेवा, नाहीतर तुम्ही मुलांचे नाही, स्वतःचे लिखाण तपासाल.

आता हे शंभर निबंध साधनात घाला. जितक्यांवर शिक्का बसेल तितक्या नक्की चुका. सात बसले, तर हे साधन तुमच्या शाळेत साधारण सात टक्के प्रामाणिक मुलांवर आळ घेते, माहितीपत्रकात काहीही लिहिलेले असो. ते सात निबंध वाचूनही बघा. बहुधा ते एकाच प्रकारच्या मुलांचे निघतील. आणि शंभरांत एकही सापडला नाही तर? तरी चूक शून्य आहे असे म्हणता येत नाही. शंभरांत शून्य आल्यावर संख्याशास्त्र एवढेच सांगते, की खरे प्रमाण बहुधा तीन टक्क्यांच्या आत असावे. दरवर्षी हजार निबंध तपासणाऱ्या शाळेला तीन टक्के म्हणजे तीस मुले होऊ शकतात.

ही चाचणी एकदा करून भागत नाही. साधन तिकडे परस्पर अद्ययावत होत राहते. जूनमध्ये केलेली चाचणी जानेवारीतल्या आवृत्तीला लागू असेलच असे नाही. म्हणूनच कुठल्याही मुलाच्या कागदपत्रात डिटेक्टरचा आकडा नोंदवायचाच असेल, तर साधनाचे नाव, तपासल्याची तारीख आणि निबंधाची मूळ प्रत सोबत ठेवावी. सहा महिन्यांनी पालक तक्रार घेऊन आले आणि तोच निबंध पुन्हा तपासला तर वेगळा आकडा येऊ शकतो.

एवढे झाल्यावरही डिटेक्टरचा उपयोग एकच उरतो: कुणाशी बोलायचे ते सुचवणे. बोलण्याला पर्याय नाही. बऱ्याच ठिकाणी डिटेक्टरऐवजी लिहिण्याची प्रक्रिया तपासतात. गुगल डॉक्समध्ये निबंध कसा वाढत गेला, कुठे एकदम चारशे शब्द येऊन पडले, हे इतिहासात दिसते. हे डिटेक्टरपेक्षा बरे आहे, कारण मूल त्यावर काही सांगू शकते. पण इथेही शर्यत पोचलीच आहे. एका खिडकीत यंत्राचा निबंध उघडून दुसऱ्या खिडकीत बघून टाइप करणारी मुले आहेत, आणि मध्ये थांबत, चुका करत, खोडत ‘टाइप’ करून देणारी साधनेही निघाली आहेत.

समोर बसवून विचारणे टिकते, कारण तिथे मजकुराचे लक्षण मोजायचेच नसते. ‘तिसऱ्या परिच्छेदात तू हे उदाहरण का घेतलेस?’ ‘हेच वाक्य सोपे करून सांग.’ ज्याने लिहिले आहे तो अडखळेल, पण सांगेल. अडचण वेळेची आहे आणि ती खरी आहे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकी पाच मिनिटे म्हणजे तीनशे मिनिटे, पस्तीस मिनिटांच्या तासिका धरल्या तर साडेआठ तासिका, एका वर्गाच्या एका निबंधासाठी. ज्या शिक्षकाकडे असे चार वर्ग आहेत त्याला हे सांगणे म्हणजे थट्टा आहे. जमण्यासारखे एवढेच, की घरच्या निबंधाला थोडेच गुण ठेवायचे, मोठा वाटा वर्गात बसून हाताने लिहिलेल्याला द्यायचा, आणि प्रत्येक निबंधानंतर चिठ्ठ्या टाकून सहा-सात मुलांना बोलायला बोलवायचे. चिठ्ठीमुळे कुणावर संशयाचा डाग लागत नाही. ज्याला बोलावले त्याच्यावर आरोप नसतो, त्याचा नंबर आलेला असतो.

मराठी निबंधांचे मात्र वेगळेच आहे. ही साधने मुख्यतः इंग्रजीसाठी घडली. टर्निटिनने पुढे स्पॅनिश आणि जपानी घेतली. मराठी मजकूर अनेक साधने स्वीकारतात आणि आकडाही देतात, पण स्वीकारणे वेगळे आणि तपासलेले असणे वेगळे. ज्या मॉडेलने मराठी थोडेच वाचले आहे, त्याला मालवणी किंवा वऱ्हाडी वळणाचे वाक्य अनपेक्षित वाटते आणि पाठ्यपुस्तकी प्रमाण मराठी अपेक्षित. म्हणजे ज्या मुलाने व्याकरणाचे सगळे नियम पाळून, बाईंनी शिकवले तसे ‘माझा आवडता ऋतू’ लिहिले, त्याच्यावर संशय जास्त. मराठीच्या शिक्षकाने असा आकडा बघितलाच तर वरची शंभर निबंधांची चाचणी केल्याशिवाय तो कुणाच्या प्रगतिपुस्तकाजवळ नेऊ नये.